अर्ध्या पानाचा उतारा आणि दोन मिनिटांचे व्याख्यान : कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर.



शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका दुकानाच्या माडीवर मी इंग्रजीचा वर्ग घेतो. परदेशी शिकायला जाऊ पाहणारी मुलेमुली येतात. त्यांतली बरीचशी आपल्याच विद्यापीठाची पदवीधर असतात. विद्यापीठाशी माझा संबंध एवढाच, पण त्या संबंधाने एक मागणी करतो आहे. मागणी लहान आहे. ती का करतो हे सांगायला मात्र जरा जागा लागेल.

टोफेल ही परीक्षा २००५ साली इंटरनेटवर आली, तेव्हा तिच्या लेखन विभागात एक नवा प्रश्न आला. पडद्यावर २३० ते ३०० शब्दांचा उतारा दिसायचा आणि तो वाचायला तीन मिनिटे मिळायची. मग उतारा नाहीसा व्हायचा आणि कानावर त्याच विषयावरचे साधारण दोन मिनिटांचे व्याख्यान पडायचे, तेही एकदाच. व्याख्यान संपले की उतारा पुन्हा पडद्यावर यायचा आणि वीस मिनिटांत दीड-दोनशे शब्दांत लिहायचे : व्याख्यात्याने काय काय मुद्दे मांडले आणि ते उताऱ्यातल्या मुद्द्यांना कुठे छेद देतात. गुण शून्य ते पाच. स्वतःचे मत विचारलेलेच नाही.

तोंडी विभागातही याची धाकटी भावंडे होती. एकात उताऱ्यात एखादी संकल्पना सांगितलेली असे आणि व्याख्यानात तिचे उदाहरण. वाचायला पाऊण मिनिट, तयारीला तीस सेकंद, बोलायला एक मिनिट. तिथे विरोध नसे, उदाहरणाने संकल्पना कशी उलगडते ते सांगायचे असे. मुलांची खरी दमछाक व्हायची ती लेखी प्रश्नात, म्हणून मी त्याच्याबद्दलच लिहितो.

२१ जानेवारी २०२६ पासून टोफेलचे स्वरूप बदलले आणि हा प्रश्न परीक्षेतून गेला. माझ्या वर्गात आनंदीआनंद झाला. मी मात्र तो प्रश्न वर्गातून काढलेला नाही. या मुलांना परदेशात, किंवा आपल्याच विद्यापीठात एम.ए.ला, पहिल्याच आठवड्यात हेच करावे लागते : आदल्या रात्री प्रकरण वाचून जायचे, वर्गात प्राध्यापक त्या प्रकरणाशी सहमत नसतात, आणि नंतर या दोघांचे म्हणणे एका पानात मांडायचे असते. परीक्षेने सोडले ते विद्यापीठाने उचलावे, अशी माझी विनंती आहे.

मुले नेमकी कुठे अडखळतात ते एका उदाहरणाने दाखवतो. हा उतारा आणि हे व्याख्यान मी वर्गासाठी इंग्रजीत तयार केले आहे. विषय मुद्दाम घरचा घेतला, शहागंजातून रिक्षाने जाता येईल अशा दौलताबादचा. इथे मराठीत थोडक्यात देतो.

उतारा म्हणतो : १३२७ च्या सुमारास महंमद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा अख्खी दिल्ली ओस पडली. पहिला आधार, झियाउद्दीन बरनी हा त्या काळचा इतिहासकार लिहितो की शहरात कुत्रे-मांजरसुद्धा उरले नाही. दुसरा, प्रवासी इब्न बतूता कारणही देतो : दिल्लीकर सुलतानाला शिव्याशापांची पत्रे लिहून रात्री दरबारात टाकत, म्हणून सुलतानाने सूडाने सगळ्यांना शहराबाहेर काढले. तिसरा, माणसेच गेल्यामुळे दिल्लीतला व्यापार, बांधकाम, रोजचा व्यवहार थांबला.

व्याख्याता म्हणतो : बरनीने हे लिहिले ते घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी. तोवर सुलतान वारला होता, बरनी दरबारच्या मर्जीतून उतरला होता आणि त्याचे मन कडवट झालेले होते. शिवाय बरनीच्या लेखी ‘शहर’ म्हणजे त्याच्या बरोबरीचे लोक : उमराव, मौलवी, सूफी. ते दौलताबादला गेले हे खरेच आहे. इब्न बतूताचे म्हणाल, तर तो दिल्लीत पोचला १३३४ साली, म्हणजे सहा-सात वर्षांनी. त्याने सांगितले ते ऐकीव. आणि व्यवहार थांबल्याचे म्हणाल, तर दिल्ली परिसरातल्या नारायणा आणि सरबान या ठिकाणी विक्रम संवत १३८४ चे, म्हणजे इसवी सन १३२७-२८ चे संस्कृत शिलालेख सापडले आहेत. सरबानच्या लेखात व्यापाऱ्यांनी विहीर बांधल्याची नोंद आहे. शहर ओस पडत असताना तिथे कोणी विहीर बांधत नाही.

उतारा आणि व्याख्यान दोन्ही असेच बांधलेले असतात : एक दावा आणि तीन आधार, समोर एक हरकत आणि तीन उत्तरे, बहुधा त्याच क्रमाने. हे एकदा कळले की वाचण्याची तीन मिनिटे कशासाठी आहेत तेही कळते. उतारा लिहिताना पुन्हा समोर येणारच आहे, तेव्हा तो पाठ करण्यात अर्थ नाही. कागद मधोमध दुमडायचा, डाव्या बाजूला वर दावा आणि खाली अंतर सोडून तीन आधार, प्रत्येकी चार-पाच शब्दांत लिहायचे. ‘बरनी – कुत्रे-मांजर नाही.’ ‘बतूता – पत्रे, सूड.’ ‘व्यवहार बंद.’ उजवी बाजू कोरी ठेवायची. उरलेल्या मिनिटात स्वतःला विचारायचे की यातला कोणता आधार कच्चा वाटतो, कोणी शंका घेतली तर कुठून घेईल. हे विचारून ठेवले की व्याख्यान सुरू झाल्यावर कान नेमके तिथे लागलेला असतो.

आणि उजवी बाजू भरायची वेळ येते तेव्हाच आपली मुले हरतात. त्यांचे इंग्रजी कच्चे असते म्हणून हरतात असे मला वाटत नाही. आपल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे ‘नोट्स देण्याची’ पद्धत आहे. सर सांगतात, मुले शब्दन् शब्द उतरवतात, वाक्य सुटले तर ‘सर, रिपीट’ म्हणतात आणि सरही रिपीट करतात. पंधरा वर्षे असे ऐकलेला कान शब्द पकडायला शिकतो, म्हणणे पकडायला शिकत नाही. मग दोन मिनिटांच्या व्याख्यानात हा विद्यार्थी पहिले वाक्य पूर्ण उतरवायला जातो, ते उतरवेपर्यंत तिसरे वाक्य निघून जाते, आणि हातात उरते ते इंग्रजीतले एक सुबक अर्धवट वाक्य. माझ्या वर्गात एका मुलीच्या उजव्या बाजूला मी ‘बरनी वॉज अ हिस्टोरियन हू रोट’ एवढेच पाहिले आहे. बरनी इतिहासकार होता हे तर डाव्या बाजूला आधीच लिहिलेले होते!

उजव्या बाजूला लिहायचे ते फक्त ‘का’ या प्रश्नाचे उत्तर. बरनीसमोर : ‘३० वर्षांनी; मर्जी गेली; शहर = उमराव, मौलवी, सूफी; हे गेले खरे.’ बतूतासमोर : ‘१३३४, ऐकीव.’ व्यवहारासमोर : ‘शिलालेख १३२७-२८, विहीर.’ शब्द मराठीत सुचला तर मराठीत लिहावा. नोंदी तपासायला कोणी मागत नाही. नारायणा, सरबान ही नावे नीट ऐकू आली नाहीत तरी बिघडत नाही; ‘दिल्लीजवळचे दोन लेख’ एवढे पुरते. नावासाठी थांबले आणि विहीर हुकली, तर मात्र मुद्दाच गेला. एखादा मुद्दा खरोखरच निसटला तर तिथे रेघ मारून पुढचा ऐकावा. मागचे आठवत बसणारा पुढचेही घालवतो. न ऐकलेले अंदाजाने लिहू नये, कारण अंदाज बहुधा उताऱ्यावरूनच बांधलेला असतो आणि व्याख्यात्याच्या तोंडी त्याच्या विरुद्ध पक्षाचे म्हणणे जाते.

आता उत्तरे. चुकलेली उत्तरे माझ्याकडे चार तऱ्हांची येतात.

पहिली तऱ्हा म्हणजे उतारा लिहिताना समोर असतो, म्हणून त्याचीच वाक्ये इकडची तिकडे करून पान भरणे. निव्वळ उताऱ्यातली वाक्ये उतरवली तर टोफेलच्या निकषांत शून्य गुण होते. आपल्याकडे धड्यातली ओळ जशीच्या तशी लिहिली की पूर्ण गुण मिळतात, त्यामुळे मुलांना हे शून्य अन्यायाचे वाटते.

दुसरी तऱ्हा जास्त फसवी आहे. ‘बरनीच्या मुद्द्याशी व्याख्याता सहमत नाही. इब्न बतूताच्या मुद्द्याशीही तो सहमत नाही. व्यवहार थांबला हेही त्याला मान्य नाही.’ तिन्ही वाक्ये खरी आहेत, व्याकरण चोख आहे, आणि तरी त्यांत व्याख्यान कुठेच नाही. व्याख्यान न ऐकताही हे लिहिता आले असते. मी मुलांना सांगतो की उत्तर शेजारच्याला वाचून दाखवा आणि विचारा, व्याख्याता असे का म्हणाला? त्याला सांगता आले नाही, तर उत्तर पुन्हा लिहा.

तिसऱ्या तऱ्हेत विद्यार्थी स्वतःच मधे बोलतो. तुघलकाच्या बाबतीत हे हमखास होते, कारण ‘तुघलकी कारभार’ हा शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो आणि दिल्लीहून फरफटत नेलेल्या आंधळ्याचा फक्त पाय दौलताबादला पोचला, ही गोष्ट प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेली असते. ती गोष्टही इब्न बतूताचीच आहे, पण माझ्या उताऱ्यात नाही आणि व्याख्यानातही नाही. तरी दर खेपेला ती कोणाच्या ना कोणाच्या उत्तरात येतेच, आणि सोबत ‘म्हणून तुघलक लहरी होता’ असा निकालही येतो. दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवायचे काम आपल्याला दिलेले नाही. इतिहासकार त्यावर अजून वाद घालत आहेत, त्यांना घालू द्यावा.

चौथी तऱ्हा चांगल्या विद्यार्थ्यांची असते, आणि मला तिचीच काळजी वाटते. हा विद्यार्थी लिहितो : ‘व्याख्यात्याच्या मते राजधानीचे स्थलांतर झालेच नाही.’ व्याख्याता असे म्हणालेला नाही. उमराव, मौलवी, सूफी गेले हे त्याने स्पष्ट कबूल केले आहे. त्याची हरकत ‘अख्खी दिल्ली’ या शब्दांना आहे. विरोध किती आणि कशाला, हे मोजून सांगणे हा या प्रश्नाचा गाभा आहे. उतारा आणि व्याख्यान यांचे एकमेकांशी नाते चुकीचे सांगितले, तर बाकी तपशील बरोबर असूनही उत्तर दोन गुणांच्या वर सरकत नसे. आपल्या सार्वजनिक चर्चेत तर रोज हेच चालते : समोरचा ‘सगळे नाही’ म्हणाला की आपण ‘काहीच नाही म्हणाला’ असे ऐकतो.

आता धड उत्तर कसे दिसते ते पाहा. हे एका विद्यार्थ्याच्या उत्तरावरून मी मराठीत मांडले आहे :

‘राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्ली पूर्ण ओस पडली, असे उताऱ्यात म्हटले आहे. व्याख्याता स्थलांतर नाकारत नाही, पण ते वरच्या वर्गापुरते होते असे सांगतो. उतारा बरनीचा दाखला देतो. व्याख्यात्याच्या मते बरनीने ते सुमारे तीस वर्षांनी, मर्जीतून उतरल्यावर लिहिले, आणि शहर म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर फक्त उमराव आणि धर्मपंडित होते. सुलतानाने पत्रांचा सूड घेतला, ही उताऱ्यातली हकीकत इब्न बतूताची आहे. व्याख्याता लक्षात आणून देतो की तो १३३४ मध्ये दिल्लीत आला, म्हणजे ती त्याने इतरांकडून ऐकली असणार. शेवटी, शहरातले व्यवहार थांबले या विधानाला व्याख्याता १३२७-२८ च्या शिलालेखांनी उत्तर देतो. त्यांतल्या एकात व्यापाऱ्यांनी विहीर बांधल्याची नोंद आहे, त्यावरून निदान काही लोक तिथे राहत आणि खर्च करत होते असे दिसते.’

या उत्तरात शोभेचे एकही वाक्य नाही. प्रत्येक वाक्य कोणाचे ते लगेच कळते. उताऱ्याला प्रत्येक वेळी जेमतेम अर्धे वाक्य दिले आहे, व्याख्यानाला एक-दोन पूर्ण. हे माप मी मुलांना तोंडपाठ करायला लावत नाही, पण त्यांनी स्वतः तपासावे म्हणून दोन रंगांची पेने देतो : उताऱ्यातून आले त्याखाली लाल रेघ, व्याख्यानातून आले त्याखाली निळी. लाल जास्त दिसली तर कान कमी पडला. ज्याखाली कोणतीच रेघ मारता येत नाही, ते वाक्य विद्यार्थ्याचे स्वतःचे असते आणि ते खोडायचे. शेवटचा ‘निदान काही लोक’ हा शब्दप्रयोगही पाहा. दिल्ली गजबजलेली होती असे त्या मुलाने लिहिले नाही, कारण एका विहिरीवरून तेवढे सिद्ध होत नाही आणि व्याख्यात्यानेही तसा दावा केलेला नाही.

वीस मिनिटांपैकी लिहायला बारा पुरतात. दोन मिनिटे आधी नोंदींतल्या जोड्या जुळवायला आणि बाकी रेघा मारून तपासायला. मुले घाईत नेमकी ही तपासणीच सोडतात आणि सुरुवातीला ‘आजच्या आधुनिक युगात’ छापाचा परिच्छेद लिहिण्यात पाच मिनिटे घालवतात.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. व्याख्यान दोन मिनिटांचे, स्वच्छ आवाजाचे आणि तीन मुद्द्यांत बसवलेले असते. खरे प्राध्यापक विषय सोडून जातात, विनोद करतात, तिसरा मुद्दा सांगायचा राहून जातो. एका साच्यावर फार घोटून घेतले तर मुले तिसरा मुद्दा नसला तरी शोधून काढतात. म्हणून महिनाभरानंतर मी दोनच मुद्दे असलेले व्याख्यान देतो, कधी क्रम उलटा करतो, कधी व्याख्यात्याला एका आधाराशी पूर्ण सहमत होऊ देतो. खाली बाजार चालू असतो, हातगाडीवाल्यांचा पुकारा आणि हॉर्न माडीवर येतातच. त्याचीही सवय होते. परीक्षा केंद्रात हेडफोन असतो, परिषदेच्या सभागृहात नसतो.

आता मागणी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षात भाषाकौशल्याचे, आपण एईसी म्हणतो त्याचे, श्रेयांक आहेत. त्यांच्या अंतर्गत मूल्यमापनातले पाच गुण या एका प्रश्नाला द्यावेत. झेरॉक्सवर अर्धे पान उतारा, वर्गात शिक्षकाने उभे राहून किंवा मोबाइलवरून ऐकवलेले दोन मिनिटांचे व्याख्यान, वीस मिनिटे लेखन. संगणक कक्ष लागत नाही. तपासायलाही सोपे : तीन जोड्यांचे तीन गुण, विरोध नेमका सांगितल्याचा एक, वाक्य कोणाचे ते स्पष्ट असल्याचा एक. भाषाशुद्धीला यात गुण ठेवू नयेत, नाहीतर सगळे शिक्षक तेवढेच तपासतील.

हे इंग्रजीपुरते ठेवू नये, अशीही विनंती आहे. मराठीच्या पेपरात सारांशलेखन आहे, पण ते एकाच उताऱ्याचे, एक तृतीयांश करा अशा धर्तीचे. त्यात कान कुठेच येत नाही आणि दोन माणसांचे परस्परविरोधी म्हणणे शेजारी ठेवायची वेळ येत नाही. वेरूळ-अजिंठ्यापासून पाणचक्की आणि नहर-ए-अंबरीपर्यंत या जिल्ह्यात विषयांना तोटा नाही, आणि विद्यापीठाच्या इतिहास, भूगोल, जलव्यवस्थापन शिकवणाऱ्यांना दोन मिनिटे बोलायला सांगितले तर वर्षाचा साठा एका आठवड्यात तयार होईल.

माझ्याकडचे उतारे आणि ध्वनिमुद्रित व्याख्याने मी विद्यापीठाला विनामूल्य द्यायला तयार आहे, दौलताबादचे धरून. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि नाकारायचा झाला तर का नाकारला ते दोन ओळींत कळवावे, ही विनंती.

आपला,
शहागंजातील एक इंग्रजी शिक्षक